अकरा पेपर आणि ४२ ग्रॅमची एक बॅच: पोस्टडॉकची समरी कंपनीसाठी लिहिताना

आमच्या लॅबमधून पीएचडी करून गेलेली एक ताई गेली तीन वर्षं एका सरकारी संस्थेत पोस्टडॉक करत होती. फेलोशिप मार्चमध्ये संपणार होती. ऑक्टोबरपासून तिने हैदराबाद, बेंगळुरू आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध कंपन्यांच्या संशोधन विभागांत अर्ज टाकायला सुरुवात केली. डिसेंबरअखेर चौदा अर्ज गेले होते आणि एकाही ठिकाणाहून साधा फोन आला नव्हता. पेपर अकरा, त्यातले पाच तिच्या नावाने पहिले. म्हणजे काम नव्हतं अशातला भाग नाही.

जानेवारीत तिने सीव्हीच्या वरच्या पाच ओळी, ज्याला सगळे समरी म्हणतात, त्या पूर्ण बदलल्या. त्या बदलताना मी बऱ्याचदा तिच्यासोबत बसलो होतो (चहा माझा, डोकं तिचं), म्हणून हा लेख. तिच्या परवानगीने लिहितोय. मॉलिक्यूल सांगणार नाही, बाकीचं सगळं सांगतो.

जुनी समरी इंग्रजीत होती, मराठीत सांगायची तर अशी: "ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएचडी व तीन वर्षांचा पोस्टडॉक अनुभव. पॅलेडियम-कॅटलाइज्ड क्रॉस-कपलिंग आणि हेटेरोसायकल सिंथेसिस या विषयांत ११ आंतरराष्ट्रीय शोधनिबंध, ५ प्रथम लेखक म्हणून, एच-इंडेक्स ७. नव्या सिंथेटिक पद्धती विकसित करण्यात निपुण. एनएमआर, एचपीएलसी, एलसी-एमएस, आयआर यांचं उत्तम ज्ञान. नावीन्यपूर्ण संशोधनाची आवड आणि टीमसोबत काम करण्याची क्षमता."

तुमच्यापैकी बहुतेकांच्या सीव्हीवर याचीच भावंडं असतील. माझ्याही होतं.

आमच्याच लॅबचा एक खूप जुना विद्यार्थी आता एका कंपनीत प्रोसेस आर अँड डीचा गट सांभाळतो. ताईने त्याला ही समरी पाठवली. त्याने फोनवर एकच प्रश्न विचारला, "तू आजवर एका वेळी सगळ्यात जास्त किती ग्रॅम बनवलंयस?" ती म्हणाली, ४२ ग्रॅम. "आणि कॉलम केलास?" नाही, क्रिस्टलाइज केलं. "मग ते यात कुठेय?"

ते तिच्या तिसऱ्या पेपरच्या सपोर्टिंग इन्फर्मेशनमध्ये, पान ३८ वर, सहा ओळींत होतं.

पेपर काय सांगतो आणि प्रोसेसवाल्याला काय हवं असतं

मेथडॉलॉजीचा पेपर कसा असतो ते आपल्याला माहितीये. एक रिअ‍ॅक्शन शोधायची, कंडिशन्सचा तक्ता द्यायचा, मग तीस-पस्तीस वेगवेगळी उदाहरणं ०.२ मिलिमोलवर करून दाखवायची. ०.२ मिलिमोल म्हणजे ३०० रेणुभाराचा पदार्थ असेल तर ६० मिलिग्रॅम. प्रत्येक उदाहरण कॉलम करून शुद्ध केलेलं. यील्ड ७४ टक्के, ८१ टक्के वगैरे. इथे प्रश्न असतो "हे किती प्रकारच्या पदार्थांवर चालतं?" आणि तो जर्नलसाठी योग्यच प्रश्न आहे.

प्रोसेस विभागात पदार्थ एकच असतो. तो बदलत नाही. प्रश्न असतो की तोच पदार्थ दहाव्यांदा केला तरी तसाच मिळेल का, त्यात दुसरं काय काय मिसळलेलं आहे, ते कुठून आलं, आणि शंभरपट मोठ्या भांड्यात काय बिघडेल. कॉलम तिथे शक्यतो करत नाहीत, कारण काही ग्रॅमसाठी काही लिटर सॉल्व्हंट जातो आणि दोन दिवस जातात. किलोवर गेल्यावर तो हिशोब परवडत नाही.

म्हणून "११ शोधनिबंध" वाचून त्या माणसाला हे कळतं की ही व्यक्ती काम पुरं करते. ही चांगली गोष्ट आहे, पण त्याच्या ढिगातल्या बहुतेक सीव्हींवर तेच लिहिलेलं असतं. त्याचे स्वतःचे प्रश्न अनुत्तरितच राहतात. त्यांची उत्तरं पेपरमध्ये नसतात, नोटबुकमध्ये असतात. ताईने मग तीन जुनी नोटबुकं काढली आणि त्या ४२ ग्रॅमच्या बॅचपर्यंत मागे गेली.

त्या बॅचची गोष्ट

बायोलॉजीच्या सहकाऱ्यांना उंदरांवरच्या प्रयोगासाठी एक पदार्थ जास्त प्रमाणात हवा होता. त्यासाठी आधीच्या टप्प्यावरचा एक इंटरमीजिएट साधारण ४० ग्रॅम लागणार होता. तो सुझुकी कपलिंगने बनतो: एक अराइल ब्रोमाइड, एक बोरॉनिक अ‍ॅसिड, पॅलेडियमचा कॅटलिस्ट, बेस आणि डायऑक्झेन-पाणी. छोट्या प्रमाणावर ५ मोल टक्के पॅलेडियम घालून ती हे डोळे मिटून करायची.

पाच ग्रॅमवर पहिल्यांदा केलं तेव्हा कॉलमलाच दोन दिवस गेले. तेव्हा तिने ठरवलं की तीन गोष्टी बदलायच्या: डायऑक्झेन काढायचा, पॅलेडियम कमी करायचं, कॉलम टाळायचा.

डायऑक्झेन का काढायचा? तो हवेत राहिला की पेरॉक्साइड तयार करतो, आणि औषधात उरलेल्या सॉल्व्हंटसाठीच्या आयसीएच क्यू३सी या मार्गदर्शक तत्त्वांत त्याची मर्यादा ३८० पीपीएम एवढी कडक आहे. तुलनेसाठी, इथाइल अ‍ॅसिटेटला ५००० पीपीएम चालतं. तिने आयसोप्रोपेनॉल-पाणी वापरून पाहिलं. रिअ‍ॅक्शन झाली, टीएलसीवर सुरुवातीचा पदार्थ दिसेना, खूष. पण एचपीएलसीवर एक नवा पीक आला, १.९ टक्के.

इथे खरी मजा आहे. टीएलसीवर तो डाग सुरुवातीच्या ब्रोमाइडच्या जवळच येत होता, म्हणून कोणीही म्हणालं असतं की थोडं ब्रोमाइड उरलंय, अजून तासभर गरम करा. तिने एलसी-एमएस केलं. ब्रोमीनचे ७९ आणि ८१ वस्तुमानाचे दोन आयसोटोप जवळपास सारख्या प्रमाणात असतात, त्यामुळे ब्रोमीन असलेल्या पदार्थाचे दोन पीक, दोनच्या अंतरावर, जवळपास सारख्या उंचीचे दिसतात. या नव्या पदार्थात ती जोडी नव्हती, आणि वस्तुमान ब्रोमाइडपेक्षा ७८ ने कमी होतं. ७९ गेले, १ आला. म्हणजे ब्रोमीनच्या जागी हायड्रोजन बसला होता.

हा हायड्रोजन कुठून आला? आयसोप्रोपेनॉलमधून. अल्कोहोलच्या ओएच ज्या कार्बनवर असतो त्याच कार्बनवर एक हायड्रोजन असेल, तर बेस आणि पॅलेडियमच्या सान्निध्यात तो पॅलेडियमला देऊन अल्कोहोल स्वतः अ‍ॅसिटोन होऊ शकतो. मग तो हायड्रोजन ब्रोमाइडवर जातो. तिने निवडलेला सॉल्व्हंटच इम्प्युरिटी बनवत होता. जास्त वेळ गरम करून ती कमी झाली नसती, कारण हा पदार्थ पुढे कुठेच जात नाही.

उपाय याच कारणातून निघतो. ज्या अल्कोहोलमध्ये त्या कार्बनवर हायड्रोजनच नाही, ते घ्यायचं. म्हणजे टर्शरी अल्कोहोल. टर्ट-ब्युटेनॉल साधारण २५ अंशालाच गोठतं, थंडीत बाटलीत दगड होऊन बसतं, म्हणून तिने टर्ट-अमाइल अल्कोहोल घेतलं. त्याचा एक फायदा तिला नंतर कळला: ते पाण्यात पूर्ण मिसळत नाही, त्यामुळे रिअ‍ॅक्शन संपल्यावर क्षार पाण्याच्या थरात जातात आणि वेगळं वर्कअप जवळजवळ लागत नाही. ती इम्प्युरिटी ०.२ टक्क्यांवर आली.

दुसरी इम्प्युरिटी बोरॉनिक अ‍ॅसिडचे दोन रेणू एकमेकांना जोडून होणारा डायमर. याचं मुख्य कारण ऑक्सिजन. पाच ग्रॅमवर ती नायट्रोजनचा फुगा लावायची आणि डायमर १.२ टक्के यायचा. फुगा वरची हवा बदलतो, द्रवात विरघळलेला ऑक्सिजन काढत नाही. तिने सॉल्व्हंटमध्ये सुईने अर्धा तास नायट्रोजन बुडबुडवला आणि नंतरच कॅटलिस्ट घातला, डायमर ०.१ टक्क्याच्या खाली गेला.

राहिलं पॅलेडियम. हा हिशोब प्रत्येकाने एकदा करून बघावा. ३०० रेणुभाराचा एक मोल पदार्थ म्हणजे ३०० ग्रॅम. ५ मोल टक्के पॅलेडियम म्हणजे ०.०५ गुणिले १०६.४, म्हणजे ५.३ ग्रॅम धातू. तो सगळा पदार्थात राहिला तर सुमारे १७,७०० पीपीएम. तोंडाने घ्यायच्या औषधात आयसीएच क्यू३डीनुसार पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे रोजचा डोस १ ग्रॅम असेल तर १०० पीपीएम. आपण ५ मोल टक्के घालून पेपरमध्ये "माइल्ड कंडिशन्स" लिहितो ते दुसऱ्या बाजूने असं दिसतं. तिने कॅटलिस्ट पायरीपायरीने कमी करत ०.५ मोल टक्क्यांवर आणला. त्याच्या खाली गेल्यावर रिअ‍ॅक्शन अडकायला लागली, मग तिथेच थांबली. शेवटी गरम द्रावण चारकोलमधून गाळून थंड केलं, पदार्थ क्रिस्टल होऊन बसला. ४२ ग्रॅम, यील्ड ८१ टक्के, एचपीएलसी एरिया ९९.४ टक्के. धातूची तपासणी बाहेर पाठवली, ४० पीपीएम आलं. मग तीच पद्धत आणखी दोनदा केली, दोन्ही वेळा शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर.

या सगळ्याला तिला सात आठवडे लागले होते, आणि तिच्या गाइडच्या दृष्टीने ते "बायोलॉजीवाल्यांसाठी मटेरियल बनवणं" होतं. पेपरमध्ये त्यातली एकच प्रक्रिया आली, अपयशी सॉल्व्हंट तर आलाच नाही.

पाच ओळी

पहिला मसुदा ताईने उत्साहात केला आणि त्यात "प्रोसेस डेव्हलपमेंट व स्केल-अपचा सखोल अनुभव" असं लिहिलं. सीनियर दादाने ते खोडलं. त्याचं म्हणणं, ४२ ग्रॅमला आमच्याकडे स्केल-अप म्हणत नाहीत, आणि हा शब्द दिसला की मी पहिला प्रश्न उष्णतेचा विचारणार: रिअ‍ॅक्शनमधून किती उष्णता निघते ते मोजलंस का, कशावर? तिने रिअ‍ॅक्शन कॅलरीमीटर कधी वापरलेला नव्हता. छोट्या फ्लास्कला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग भरपूर असतो, उष्णता आपोआप बाहेर जाते. मोठ्या रिअ‍ॅक्टरला ते प्रमाण घटतं आणि तीच रिअ‍ॅक्शन हाताबाहेर जाऊ शकते. ते मोजल्याशिवाय स्केल-अप येतं म्हणणं म्हणजे विहिरीत पोहून समुद्राबद्दल बोलणं. हे वाक्य त्याचं आहे, मी फक्त उचललं.

मोठ्या शब्दाच्या जागी आकडा टाकला की दोन्ही बाजूंची सोय होते. "४० ग्रॅमपर्यंत, काचेच्या उपकरणांत" असं लिहिलं की वाचणाऱ्याला नेमकं कळतं की कुठपर्यंत येतं आणि कुठून शिकवावं लागेल.

शेवटी राहिलेली समरी अशी:

"ऑरगॅनिक केमिस्ट, पीएचडी आणि तीन वर्षं पोस्टडॉक, प्रोसेस आर अँड डीमध्ये काम करू इच्छिते. सुझुकी कपलिंगचा एक टप्पा ६० मिलिग्रॅमवरून ४२ ग्रॅमपर्यंत नेला: कॉलमऐवजी क्रिस्टलायझेशन, पॅलेडियम ५ वरून ०.५ मोल टक्के, शुद्धता ९९.४ टक्के (एचपीएलसी एरिया), तीन बॅचेसमध्ये ९९ टक्क्यांच्या वर. दोन इम्प्युरिटी एलसी-एमएसने ओळखून त्यांचं कारण शोधलं व सॉल्व्हंट आणि ऑक्सिजन नियंत्रणाने त्या १.९ व १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्के व त्याखाली आणल्या. रिअ‍ॅक्शनवर नजर ठेवण्यासाठी एचपीएलसी पद्धती स्वतः बसवते; व्हॅलिडेशन केलेलं नाही. ११ शोधनिबंध, यादी शेवटी."

शेवटून दुसऱ्या वाक्यावर आमचा बराच वाद झाला. "केलेलं नाही" असं सीव्हीत कोण लिहितं? माझं मत होतं की ते काढावं. दादाचं म्हणणं होतं की ठेव, कारण एचपीएलसी या एका शब्दाखाली तीन वेगवेगळी माणसं लपलेली असतात. एक, जी दुसऱ्याने बसवलेल्या पद्धतीवर सँपल लावते आणि रिपोर्ट काढते. दुसरी, जी कॉलम, मोबाइल फेज, पीएच, ग्रेडिएंट बदलत बदलत दोन चिकटलेले पीक वेगळे करू शकते. तिसरी, जी त्या पद्धतीचं व्हॅलिडेशन करते: आयसीएच क्यू२नुसार ती पद्धत नेमकं त्याच पदार्थाला मोजते का, तेच सँपल पुन्हा लावलं तर तोच आकडा येतो का, माहीत असलेलं प्रमाण मिसळलं तर ते परत मिळतं का, किती कमी प्रमाणापर्यंत विश्वास ठेवता येतो, हे सगळं कागदावर सिद्ध करते. "एचपीएलसीचं उत्तम ज्ञान" यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही आणि तो साहजिकच पहिली धरून चालतो. ताई दुसरी होती. ते सांगायचा सगळ्यात छोटा मार्ग म्हणजे तिसरी नाही हे सांगणं. वाद मी हरलो.

"एरिया" हा शब्दही तसाच मुद्दाम ठेवलाय. एचपीएलसीवरचे ९९.४ टक्के म्हणजे वजनाने ९९.४ टक्के नव्हे. प्रकाश शोषण्याची प्रत्येक पदार्थाची ताकद वेगळी. पाणी, क्षार, सॉल्व्हंट तर त्या डिटेक्टरला दिसतच नाहीत. नुसतं "शुद्धता ९९.४ टक्के" लिहिलं असतं तर जाणकाराने विचारलं असतं, कशाने मोजलीत? आणि हा फरक माहीत नसेल तर पुढचा अर्धा तास अवघड गेला असता.

आणखी एक बदल लहान आहे पण मला पटायला वेळ लागला. पेपरमध्ये आपण सगळं "वुई" असं लिहितो. समरीतली क्रियापदं मात्र एकवचनी हवीत: मी ओळखलं, मी बदललं. ताईला हे जड गेलं, कारण चारकोलची कल्पना एका एमएस्सीच्या मुलीची होती. म्हणून चारकोल समरीत नाहीच. जे तिने स्वतः ठरवलं तेवढंच आहे. कंपनीच्या पैशावर चाललेला प्रोजेक्ट असेल तर आणखी एक बंधन येतं, मॉलिक्यूलची रचना किंवा उपयोग लिहायचा नाही. "एक बायअराइल इंटरमीजिएट" एवढं पुरतं, कारण वाचणाऱ्याला पदार्थात नाही, तुमच्या निर्णयात रस असतो.

हीच माणसं, वेगळी नोकरी

वरची समरी प्रोसेसच्या जागेसाठी आहे. ताईने एक अर्ज मेडिसिनल केमिस्ट्रीच्या जागेसाठीही केला, आणि त्यासाठी तिने हीच समरी पाठवली नाही. तिथे पदार्थ एक नसतो, आठवड्याला अनेक लागतात, प्रत्येकी काही मिलिग्रॅम, आणि कॉलम केला तरी कोणाला वाईट वाटत नाही. तिथे तिने पहिल्या ओळीत लिहिलं की दीड वर्षात एका मालिकेतले साठहून जास्त नवे पदार्थ बनवून तपासणीला दिले, आणि तपासणीचे आकडे आल्यावर पुढचे कोणते बनवायचे हे बायोलॉजीच्या गटासोबत बसून ठरवलं. ४२ ग्रॅमची बॅच तिथे शेवटच्या ओळीत गेली. पेपरही तिथे जरा वर आले, कारण अशा गटांत नव्या रिअ‍ॅक्शन्स माहीत असणं उपयोगी पडतं.

जीएमपी हा शब्द मात्र तिने दोन्हीकडे टाळला. विद्यापीठाच्या लॅबमध्ये आपण कितीही नीट नोंदी ठेवल्या तरी ते जीएमपी होत नाही. तिथे मंजूर लेखी पद्धत, कॅलिब्रेट केलेली उपकरणं, प्रत्येक बॅचची नोंद आणि ती तपासणारा स्वतंत्र गुणवत्ता विभाग लागतो. दोन दिवसांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर "जीएमपीचा अनुभव" लिहिणारे बरेच दिसतात. कोर्स केला असेल तर कोर्स केला असं लिहावं.

मुलाखतीत काय झालं

नव्या समरीने सहा अर्ज गेले, तीन फोन आले. एका ठिकाणी त्यांना जीएमपीचाच अनुभव हवा होता, दहा मिनिटांत संपलं. दुसऱ्या ठिकाणी पाऊण तासातला अर्ध्याहून जास्त वेळ त्या एका सुझुकीवर गेला.

त्यांनी विचारलं, नायट्रोजन किती वेळ सोडला? अर्धा तास. अर्धाच का? पंधरा मिनिटांवर डायमर ०.४ टक्के होता, अर्ध्या तासावर ०.१ च्या खाली, पाऊण तासावर काही फरक नव्हता. मग दहा लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्येही अर्धा तास पुरेल का? ती म्हणाली, माहीत नाही, बहुतेक नाही. द्रवातला ऑक्सिजन मोजायचं प्रोब मिळालं तर वेळेवर न जाता त्या आकड्यावर जाईन, आणि नसेल तर आधी छोटा नमुना काढून डायमर बघेन. त्यावर त्यांनी काही लिहून घेतलं. मग विचारलं, ०.२ टक्के इम्प्युरिटीने काय बिघडतं, का त्रास घेतलास? याचं उत्तर तिने तयार ठेवलं होतं: हा इंटरमीजिएट आहे, पण पुढचे दोन टप्पे ती इम्प्युरिटी धुऊन काढतील याची खात्री नव्हती, आणि शेवटच्या औषधी पदार्थात, रोजचा डोस २ ग्रॅमपर्यंत असेल तर, साधारण ०.१ टक्क्याच्या वरच्या इम्प्युरिटीची रचना ओळखावी लागते. नंतर शोधण्यापेक्षा आत्ताच कमी केलेली बरी.

एका प्रश्नावर ती अडकली. टर्ट-अमाइल अल्कोहोल परत मिळवून पुन्हा वापरायचा विचार केला होतास का, आणि एक किलो पदार्थामागे एकूण किती किलो सॉल्व्हंट गेला? हा हिशोब तिने केलेलाच नव्हता. सॉल्व्हंट लॅबच्या स्टोअरमधून येतो, कचऱ्याच्या कॅनमध्ये जातो, मधे कोणी मोजत नाही. घरी येऊन तिने नोटबुकवरून मोजलं, पाण्यासकट, आणि दुसऱ्या फेरीत न विचारताच सांगितलं. ती आता एप्रिलपासून तिथे रुजू आहे.

मी तिसऱ्या वर्षाला आहे, मला अजून वेळ आहे. पण त्याच आठवड्यात माझी नोटबुकं काढून बघितली तर त्यातून एकही अशी ओळ निघेना. "टीएलसी नॉट क्लीन, रिपीटेड विथ डीएमएफ" असं पानोपानी आहे. क्लीन नाही म्हणजे काय होतं, डीएमएफच का घेतलं, त्याने किती फरक पडला, काही नाही. आता प्रत्येक रिअ‍ॅक्शनखाली मी तीन गोष्टी लिहितो: मागच्या वेळेपेक्षा काय बदललं आणि का, नको असलेला पदार्थ किती टक्के आला आणि कशाने मोजला, आणि एकूण सॉल्व्हंट किती मिली. तिसरी गोष्ट लिहायला दहा सेकंद लागतात. परवा एका २ ग्रॅमच्या कॉलमसाठी ती ३,६०० मिली आली.